माझा टर्बाइनचा कागद वाचणारा एकटाच नापास झाला

आमच्या ऑफिसात मराठी येणारी मी एकटीच आहे, हे मला जॉइन झाल्यावर पाचव्या महिन्यात कळलं. तेही डॉक्युमेंटेशनचे हेडसर स्वतः माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले म्हणून.

"तुम महाराष्ट्रियन हो ना? बोल लेती हो?"

मी म्हटलं, "बिल्कुल सर, घर में मराठी ही बोलते हैं."

"लिख भी लेती हो?"

इथे मी एक सेकंद थांबायला हवं होतं. मराठीत मी शेवटचं काय लिहिलं होतं, तर शाळेत असताना मामेभावाला राखीबरोबर पाठवलेली चिठ्ठी, आणि त्यातही "भाऊ" ला पहिला उकार काढलेला. पण मी प्रोबेशनवर होते, आणि प्रोबेशनवरची मुलगी "येस सर" सोडून दुसरं काही म्हणत नाही. म्हटलं, "येस सर!"

तर प्रकरण असं होतं. आमची दिल्लीजवळच्या मानेसरची कंपनी स्टीम टर्बाइनची कंट्रोल पॅनेल बनवते. महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याने बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज करायला नवीन टर्बाइन घेतलं होतं, त्याचं पॅनेल आमच्याकडे तयार होत होतं. आणि करारात कुणीतरी शहाण्या माणसाने एक ओळ टाकून ठेवली होती की टर्बाइन सुरू करायची सगळी पद्धत कंट्रोल रूमच्या लोकांसाठी मराठीत द्यायची, भिंतीवर लावता येईल अशी. ती ओळ आमच्याकडे आठ दिवस आधी सापडली. आठ दिवसांनी तिथले ऑपरेटर ट्रेनिंगला मानेसरला पोचणार होते.

ओळ सापडल्या सापडल्या एका एजन्सीकडून घाईत करून घेतलेलं होतं. मी ते उघडलं. पहिलं वाक्य होतं, "बाष्पचक्रयंत्राच्या आरंभ-अनुक्रमास अनुज्ञा प्राप्त होण्यास्तव." मी घाबरून लॅपटॉप बंद केला.

म्हटलं, आपणच करू, शून्यापासून करू! आणि खरं सांगते, मला मजा यायला लागली. कारण करता करता मला टर्बाइन पहिल्यांदा समजलं. इंग्रजीत दोन तक्ते होते. पहिला परमिसिव्हचा, म्हणजे सुरू करण्याआधी काय काय तयार हवं: बेअरिंगला तेलाचं प्रेशर हवं, तेल पुरेसं गरम हवं, कंडेन्सरमध्ये व्हॅक्यूम हवा, वाफ ठरल्याइतकी तापलेली हवी, वाफेच्या नळ्यांत साचलेलं पाणी काढणारे ड्रेन उघडे हवेत. बॅरिंग गिअर लागलेला हवा, म्हणजे एक छोटी मोटर तो प्रचंड रोटर आधीपासून हळूहळू फिरवत ठेवते, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने आणि एका बाजूच्या उष्णतेने वाकतो. अशा चौदाच्या चौदा गोष्टी जुळल्या तरच स्टार्टचं बटण चालतं.

दुसरा तक्ता ट्रिपचा. चालत्या मशीनमध्ये तेलाचं प्रेशर फारच पडलं, वेग हद्दीबाहेर गेला, थरथर वाढली, रोटर आडवा सरकला, व्हॅक्यूम गेला, अशा अकरा गोष्टी. ह्यातली एक जरी झाली तरी मशीन स्वतःच वाफेचा व्हॉल्व्ह धाडकन मिटून बंद होतं. पहिल्या तक्त्यात सगळ्या लागतात, दुसऱ्यात एक पुरते. इतकं साधं.

घरी बाबांनी नाक खुपसलं. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात आहेत, तिथे प्रत्येक गोष्टीला एक शुद्ध प्रतिशब्द असतो आणि तो कुणी वापरत नाही. ते म्हणाले, "परमिसिव्हला अनुज्ञापक लिही. आणि 'लगेच' नको, 'तात्काळ' लिही. लगेच फार घरगुती वाटतं."

आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "आग लागली की कोण म्हणतं तात्काळ पळा?"

पण मी "तात्काळ" घेतलं. छापील वाटत होतं ना यार.

मग झाली रिव्ह्यूची मीटिंग. हेडसर आणि क्वालिटीच्या मॅडम. दोघांना मराठी शून्य, पण देवनागरी वाचता येते, त्यामुळे त्यांना वाटतं मराठी पण येते. मॅडमनी स्केल घेऊन ओळींमधलं अंतर मोजलं. हेडसर बोट ठेवत वाचत गेले आणि अचानक थांबले.

"ये 'तेलाचे प्रेशर' ऊपर भी है, नीचे भी है. डुप्लिकेट."

"सर, वो अलग है. ऊपर वाला स्टार्ट के पहले का…"

"तेल तो वही है ना?"

"तेल वही है सर."

"तो? व्हॅक्यूम भी दो बार. कंट्रोल ऑइल भी दो बार. बेटा, ग्राहक को कन्फ्यूज मत करो. दोनों टेबल मिला दो."

"पण सर आकडे वेगळे आहेत," असं मी मराठीतच म्हणाले घाईत. त्यांना समजलं, हे विशेष.

"जो ज़्यादा सेफ़ है, वो रखो."

आणि मग खरं कारण बाहेर आलं. आमचं लॅमिनेशनचं मशीन एका वेळी एकच ए-थ्री कागद घेतं. दोन तक्ते म्हणजे दोन कागद, आणि दोन कागद एकमेकांना चिकटवायचे कसे ह्याची प्रोसिजर कंपनीकडे नाही. प्रोसिजर नसेल तर क्वालिटी सही करत नाही. म्हणजे टर्बाइन कसं चालवायचं हे आमच्याकडे लॅमिनेशन मशीनच्या तोंडाच्या रुंदीने ठरलं.

मी अडून बसायला हवं होतं. बसले नाही. उलट, आणि हे लिहिताना कान गरम होतायत, मला ते एक कोडं वाटलं, आणि कोडं मी झटक्यात सोडवलं. चौदा अधिक अकरा, वजा तीन, बावीस ओळी. वर एकच ठळक मथळा, माझा स्वतःचा: "खालील सर्व अटी पूर्ण असल्याशिवाय टर्बाइन सुरू करू नये. यांपैकी एकही अट मोडल्यास टर्बाइन तात्काळ बंद करावे." दोन्ही तक्त्यांचं काम एका मथळ्यात! मी आईला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.

खाली तीन चौकटी होत्या. बनवणारा, तपासणारा, मंजूर करणारा. बनवणारा म्हणून हेडसरांनी सही केली, कारण प्रोबेशनवरच्या माणसाला सहीचा अधिकार नसतो. तपासलं मॅडमनी. मंजूर केलं प्रोजेक्ट हेडनी, ते चेन्नईला होते, त्यांनी फोनवरून केलं. तिघांनाही मराठी येत नव्हती. कागद चकाचक लॅमिनेट झाला.

सोमवारी ऑपरेटर आले. तिघं. दोन माझ्याच वयाचे, डिप्लोमावाले, आल्या आल्या वायफायचा पासवर्ड मागणारे. आणि एक काका, कारखान्याच्या जुन्या टर्बाइनवर अख्खी नोकरी काढलेले, पांढऱ्या मिशा, शर्टाच्या खिशात चष्मा. त्यांनी माझ्या हातात भडंगाची पिशवी दिली. "मराठी बोलणारं माणूस भेटलं बघा. आल्यापास्नं नुसतं 'हांजी हांजी' करतोय."

पाच दिवस ट्रेनिंग, शनिवारी परीक्षा. पॅनेलला एक कॉम्प्युटर जोडलेला होता जो टर्बाइनचं सोंग करतो. स्क्रीनवरून ते सुरू करायचं, वेग वाढवायचा, वीज जोडायची. परीक्षा घेणार होते कारखान्याने नेमलेले सल्लागार, एक रिटायर्ड इंजिनिअर, कमी बोलणारे, हिंदी-इंग्रजीवाले. जो पास होईल त्याला नवीन कंट्रोल रूमची खुर्ची. नापास होईल तो उसाच्या काट्यावर, गाड्या मोजायला. काका मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ताई, जुनं टर्बाइन भंगारात चाललंय. त्याच्याबरोबर मला पण न्यायला नको, येवढंच."

शनिवारी दोन्ही पोरं पास झाली. माझा कागद समोर टांगलेला होता, त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. स्क्रीनवरचं इंग्रजी बघून फटाफट बटणं दाबली.

मग काका बसले. चष्मा लावला. ते कागदावरची एकेक ओळ मोठ्याने वाचायचे, मग स्क्रीनवर त्या आकड्यावर बोट ठेवायचे, मग म्हणायचे "आहे". पुढची ओळ. मला इतकं भारी वाटत होतं काय सांगू! माझी मराठी कुणीतरी मोठ्याने वाचत होतं!

स्टार्ट दिलं. वाफ आत गेली, वेग वाढायला लागला. रोटर बॅरिंगच्या मोटरपेक्षा जोरात फिरायला लागला, तसा बॅरिंग गिअर आपोआप सुटला. सुटणारच, सुटायलाच हवा. स्क्रीनवरचा त्याचा हिरवा दिवा विझला.

काकांनी कागदाकडे बघितलं. स्क्रीनकडे बघितलं. परत कागदाकडे. आणि लाल बटणावर हात मारला.

टर्बाइन बंद. सल्लागारांनी वहीत काहीतरी लिहिलं. "वन्स मोअर."

परत सगळ्या ओळी, परत वाफ, परत दिवा विझला, परत लाल बटण. सल्लागार म्हणाले, "सोमवारी एक लास्ट चान्स." हेडसर माझ्या कानात म्हणाले, "पुराने आदमी हैं, घबरा जाते हैं." मी पण मान हलवली. मला पण तसंच वाटलं, शपथ.

रविवारी त्यांना पानिपतला काला अंबचं युद्धस्मारक बघायचं होतं. दिल्लीला आलेला मराठी माणूस तिथे जातोच. कंपनीची गाडी मिळाली आणि दुभाषी म्हणून मी. पोरं उतरल्या उतरल्या सेल्फी काढायला गेली. काका नमस्कार करून एका कट्ट्यावर बसले. मी भडंग काढलं, पण ते खाईनात.

"ताई, एक इचारू का? रागावू नका."

"विचारा ना काका."

"बॅरिंग सुटतंच की. आमच्या जुन्या मशीनवर पण सुटतंय. जन्म गेला ते बघण्यात. मग तुमच्या कागदावर ते सुटलं की बंद करा, असं का लिवलंय?"

मी म्हटलं, "असं कुठे लिहि…" आणि फोनमधला कागदाचा फोटो उघडला.

बावीस ओळींतली सहावी: "बॅरिंग गिअर लागलेला असावा." आणि वर माझा तो सुंदर मथळा, एकही अट मोडल्यास.

"मला वाटलं, नवीन मशीन, नवीन नियम असंल," काका म्हणाले. "आणि मशीन आपलं आपण बंद होईना. म्हटलं सेफ्टी अडकली, आता मीच मारतो बटण."

"पण काका, तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही कागद सोडून का नाही…"

"सोडून?" ते जरा ताठ झाले. "आमच्यात एकदा एकानं पाठ असल्यासारखं चालवलं होतं. तेलाचा पंप लावायचा राह्यला. बेअरिंग वितळून गेलं. तवापास्नं मी ओळ वाचतो, बोट लावतो, मग पुढं जातो. कागद चुकीचा असंल तर बदलून आणा. पण त्यो समोर आहे तवर त्याचंच ऐकायचं."

म्हणजे बघा. ज्यांनी माझा कागद वाचला नाही ते दोघं पास. ज्याने अक्षरशः पाळला तो उसाच्या काट्यावर.

मी म्हटलं, "काका, तो मी लिहिलाय. दोन तक्ते होते. मी एक केला."

त्यांनी विचारलं, "आणि खाली तीन सह्या हैत त्या?"

"त्या तिघांना मराठी येत नाही."

 काकांच्या मिशा हलायला लागल्या. मग ते एवढे हसले की गेटवरचा गार्ड उठून आला. डोळे पुसत म्हणाले, "अगं बया! तिघांनी सही केली म्हणून तर मी भ्यालो! एकानं केली असती तर इचारलं असतं!"

हसून झालं आणि चेहरा परत पडला. "पण आता हे त्या सायबाला कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हातारा कारणं सांगतोय म्हणतील."

तिथेच बसून मी फोन काढला. म्हटलं, "काका, तुमच्या कंट्रोल रूममध्ये नवीन माणसाला तुम्ही कसं सांगाल तसं बोला. मी टाइप करते." ते बोलत गेले. परमिसिव्हच्या तक्त्याला ते म्हणाले, "सुरू करण्याआधी हे सगळं हवं." ट्रिपच्या तक्त्याला, "चालताना ह्यातलं एक जरी झालं की मशीन बंद. न झालं तर तुम्ही करा." स्टार्टपासून पूर्ण वेगापर्यंतच्या पायऱ्यांत एक वेगाचा पट्टा असतो, तिथे रोटर जोरात थरथरतो, तिथे थांबायचं नसतं. एजन्सीने त्याला काहीतरी "क्रांतिक" म्हटलं होतं. काका म्हणाले, "थरथरीचा पट्टा. हितं थांबू नका, सरळ पुढं काढा." आणि बॅरिंगच्या ओळीपुढे त्यांनी मला कंसात घालायला लावलं: "वेग घेतला की हे आपोआप सुटेल. सुटू द्या."

सोमवारी सकाळी मी आधी हेडसरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि दरवाजा लावला.

"देखो, रिपोर्ट में ऑपरेटर की ग़लती लिखी गई है. डॉक्युमेंट की नहीं. समझ रही हो?"

"सर, लेकिन ग़लती तो डॉक्युमेंट की है. मेरी है."

"तुम्हारी कैसे? साइन मेरा है!" आणि मग ते स्वतःच दचकले, कारण सही त्यांची म्हणजे चूकही त्यांचीच ठरत होती. "अगले महीने तुम्हारा कन्फर्मेशन है, बेटा," ते हळू म्हणाले. हे धमकावून नाही म्हणाले. काळजीने म्हणाले, आणि तेच जास्त वाईट होतं.

मी बाहेर आले. काका पॅनेलसमोर बसले होते, चष्मा पुसत, तोच चकाचक कागद समोर. सल्लागार पेन उघडत होते. मी ठरवून काही केलं नाही, तोंडातून निघालंच: "सर, ये काग़ज़ ग़लत है. इन्होंने वही किया जो इसमें लिखा है."

सल्लागारांनी मला काही विचारलं नाही. इंग्रजी प्रत मागितली. दोन्ही तक्त्यांच्या ओळी बोटाने मोजल्या. मग मराठी कागदाच्या मोजल्या. मराठीचा एक शब्द न वाचता त्यांना कळलं, पंचवीसच्या बावीस झाल्यात. बॅरिंगची ओळ कुठली ते मला दाखवायला लावलं, मथळ्याचा अर्थ विचारला. मग खुर्चीतून उठून त्यांनी तो लॅमिनेट केलेला कागद स्वतःच्या हाताने उतरवला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

"नया वाला लगाओ."

नवीन दोन साधे कागद होते, सेलोटेपने चिकटवलेले. प्रोसिजर नव्हतीच.

काकांनी परत पहिल्यापासून सुरू केलं. वाचायचं, बोट, "आहे". चौदा वेळा "आहे". स्टार्ट. दिवा विझला तेव्हा त्यांनी कागदावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "सुटू द्या," आणि हात मांडीवर ठेवला. कमी वेगावर मशीन गरम व्हायला थांबले. थरथरीचा पट्टा एका दमात काढला. पूर्ण वेगाला रोटरवरचा मुख्य तेलपंप लागला, मदतीचा पंप थांबला, तेलाचं प्रेशर तसंच राहिलं. ते बघूनच पुढे गेले.

वीज जोडली आणि सल्लागारांनी मागून गुपचूप तेलाचं प्रेशर पाडलं. आधी भोंगा वाजला आणि क्षणात ट्रिप. काका घाबरले नाहीत. व्हॉल्व्ह मिटला का बघितलं, बॅटरीवरचा आणीबाणीचा पंप लागला का बघितलं, वेग शून्यावर येईपर्यंत थांबले, बॅरिंग लावलं. मग खुर्चीतून वळले. "आता कारण कळल्याशिवाय मी हे सुरू करणार न्हाई."

मी त्याचं हिंदी करून सांगितलं. सल्लागारांनी "कंट्रोल रूम" च्या चौकटीत टिक केली. काकांनी ती टिक बराच वेळ बघितली.

माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. पत्रात कारण होतं, नियंत्रित दस्तऐवजाला सेलोटेप लावणे. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, मसुदा चांगला आहे.

पण त्याआधी, त्याच सोमवारी दुपारी, नवीन कागदावर सह्या व्हायच्या होत्या. सल्लागार म्हणाले, तपासणाऱ्याच्या चौकटीत ह्यांची सही पाहिजे, आणि काकांकडे बोट केलं. क्वालिटीच्या मॅडम म्हणाल्या, फॉर्ममध्ये तशी सोयच नाही. सल्लागार म्हणाले, मग फॉर्म बदला.

काकांना पेन दिलं. त्यांनी पेन बाजूला ठेवलं, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मोठ्याने. हेडसर, मॅडम आणि चेन्नईहून परत आलेले प्रोजेक्ट हेड, तिघंही उभे. हेडसरांनी दोनदा घड्याळ बघितलं. काका प्रत्येक ओळीवर थांबत होते.

शेवटी आले आणि सही केलीच नाही.

"ताई, सुरुवातीला ड्रेन उघडे ठेवायचे, हे लिवलंय. लोड घेतल्यावर बंद कधी करायचे, ते कुठाय? उघडेच राह्यले तर वाफ वाया जाणार की."

मी माझ्या मराठीत शोधलं. नव्हतं. मला वाटलं, परत मीच खाल्लं. धावत जाऊन इंग्रजी मूळ प्रत काढली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितली.

त्यातही नव्हतं.

मी हेडसरांना सांगितलं. ती इंग्रजी प्रत म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेली, तीन सह्यांची, कितीतरी कारखान्यांत भिंतीवर लागलेली. त्यांनी आधी मॅडमकडे बघितलं, मग काकांकडे, आणि मग मागे हात लांबवून खुर्ची शोधायला लागले.